जानेवारीत जन्मलेले खेळाडू

कॅनडा हा उत्तर अमेरिकेतील एक मोठा आणि थंड देश आहे. तेथे हिवाळ्यात तळी गोठतात. त्या बर्फावर लहानमोठे सगळेच एक खेळ खेळतात. त्याला आइस हॉकी म्हणतात. आपल्या हॉकीपेक्षा हा खेळ वेगळा आहे. खेळाडूंच्या बुटांच्या तळाला पोलादी पाते असते. त्या पात्यांवर घसरत ते फार वेगाने पळतात. चेंडूच्या जागी कडक रबराची चपटी चकती असते. ती काठीने ढकलत न्यायची आणि समोरच्या जाळीत मारायची. मोठ्या मुलांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला अंगाने धक्का देऊन अडवणेही नियमात बसते. म्हणून या खेळात उंची, वजन आणि ताकद यांना बरेच महत्त्व आहे. आपल्याकडे क्रिकेटचे जेवढे वेड आहे, तेवढेच तिकडे या खेळाचे आहे.

१९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. अल्बर्टा प्रांतातील लेथब्रिज या शहरात आइस हॉकीचा एक सामना चालू होता. लेथब्रिज ब्रॉन्कोज या तरुण खेळाडूंच्या संघाचा तो सामना होता. प्रेक्षकांत रॉजर बार्न्सली नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आपल्या कुटुंबासह बसले होते. त्यांच्या पत्नी पॉला सामन्याची माहितीपुस्तिका चाळत होत्या. अशा पुस्तिकेत प्रत्येक खेळाडूचे नाव, उंची, वजन आणि जन्मतारीख छापलेली असते. बहुतेक लोक नावे वाचतात आणि पुस्तिका बाजूला ठेवतात. पॉलाबाईंनी जन्मतारखा वाचल्या. त्यांना दिसले की बऱ्याच खेळाडूंचा जन्म जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्च महिन्यातला आहे. ही गोष्ट त्यांनी पतीला दाखवली.

बार्न्सली यांनी घरी गेल्यावर इतर संघांतील खेळाडूंच्या जन्मतारखा गोळा करायला सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी तसाच प्रकार आढळला. ऑन्टॅरिओ प्रांतातील तरुणांच्या एका मोठ्या स्पर्धेत तर जानेवारीत जन्मलेले खेळाडू नोव्हेंबरात जन्मलेल्या खेळाडूंच्या जवळजवळ साडेपाच पट होते. उत्तम खेळाडूंचा कोणताही मोठा गट घेतला, तर साधारण दर शंभरात ४० जण जानेवारी ते मार्च या तिमाहीत जन्मलेले निघत. पुढच्या तिमाहीत ३०, त्यापुढे २० आणि शेवटच्या तिमाहीत फक्त १० निघत. कॅनडात जानेवारी ते मार्च या काळात मुले जास्त जन्मतात असे मात्र नाही. मग बाकीच्या महिन्यांतील मुले गेली कुठे?

उत्तर एका तारखेत आहे. कॅनडात मुलांच्या हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. एका इंग्रजी वर्षात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात जन्मलेली सर्व मुले एका गटात येतात. नियम अगदी सरळ आहे आणि तो सर्वांना सारखाच लागू होतो. कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण त्या रेघेच्या दोन बाजूंना काय घडते, ते नीट पाहू.

समजा, डेव्हिड आणि मार्क अशी दोन मुले आहेत. दोघांचे जन्मवर्ष एकच. डेव्हिडचा जन्म २ जानेवारीचा आहे, मार्कचा २८ डिसेंबरचा. कागदावर दोघे एकाच वयाचे, एकाच गटाचे. प्रत्यक्षात डेव्हिड मार्कपेक्षा जवळजवळ बारा महिन्यांनी मोठा आहे. मोठ्या माणसांत एका वर्षाच्या फरकाला काही किंमत नसते. तीस आणि एकतीस वर्षांच्या माणसांत कोण मोठा, हे कोणी विचारतही नाही. पण डेव्हिड दहा वर्षांचा झाला, तेव्हा मार्क नऊ वर्षांचा आहे. म्हणजे मार्क जेवढे आयुष्य जगला, त्याच्या नवव्या भागाइतके आयुष्य डेव्हिड अधिक जगला आहे. या वयात मुलांची उंची वर्षाला साधारण पाच सेंटिमीटरने वाढते आणि वजन साधारण तीन किलोने वाढते. पाय लांब होतात, तोल सांभाळणे जमू लागते, शिक्षकांची सूचना ऐकून ती लगेच अमलात आणण्याची समजही वाढते. डेव्हिडला बर्फावर घसरण्याचा एक जास्तीचा हिवाळाही मिळालेला असतो.

आता निवडीचा दिवस येतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलांमधून प्रशिक्षकांना खास संघ निवडायचा आहे. पन्नास मुले बर्फावर उतरली आहेत. प्रशिक्षक बाजूला उभे राहून पाहत आहेत. त्यांना कोण जोरात पळतो, कोण चकती सोडत नाही, कोण धक्क्याने पडत नाही हे दिसते. जन्मतारीख कोणाच्या कपाळावर लिहिलेली नसते. डेव्हिड निवडला जातो, मार्क राहून जातो. प्रशिक्षकांनी पक्षपात केला का? नाही. त्या दिवशी डेव्हिड खरोखरच चांगला खेळला. पण प्रशिक्षकांनी पाहिले वय, आणि त्यांना वाटले की आपण गुण पाहिला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मूळ एवढ्यातच आहे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. खेळात वय चोरण्याचे प्रकार होतात. मुलाचे वय कमी दाखवून त्याला लहान गटात खेळवतात. ती लबाडी आहे. येथे तसे काहीच नाही. डेव्हिडचा दाखला खरा आहे आणि मार्कचाही खरा आहे. कोणीही खोटे बोललेले नाही, तरी एका मुलाला वर्षभराची आघाडी मिळाली आहे. गटातील इतर मुलांच्या मानाने मिळालेल्या या वयाच्या फायद्याला अभ्यासक ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ म्हणतात. सापेक्ष म्हणजे दुसऱ्याशी तुलना करून ठरणारे.

तुम्ही म्हणाल, मुले मोठी झाल्यावर हा फरक भरून निघत असेल. एका वर्षाचे अंतर वीस वर्षांच्या वयात कितीसे? तुमचे म्हणणे बरोबर आहे. अंगाचा फरक भरून निघतो. पण दरम्यान दुसराच फरक तयार झालेला असतो. डेव्हिड खास संघात गेला. तेथे प्रशिक्षक चांगले असतात, सराव जास्त असतो, सामने जास्त असतात आणि सोबतचे खेळाडूही तरबेज असतात. मार्क मोहल्ल्यातील साध्या संघात राहिला. समजा, डेव्हिडचा सराव आठवड्यातून तीन दिवस होतो आणि मार्कचा एक दिवस. वर्षातून तीस आठवडे खेळ चालतो असे धरू. तीन वर्षांनंतर डेव्हिडने २७० दिवस सराव केलेला असेल आणि मार्कने ९० दिवस. म्हणजे १८० दिवसांचे अंतर पडले. आता दोघे तेरा वर्षांच्या आसपास आहेत. आज पुन्हा निवड झाली, तर डेव्हिड मार्कपेक्षा खरोखरच चांगला खेळाडू ठरेल. सुरुवातीला त्याच्याजवळ फक्त वय होते. आता त्याच्याजवळ कसब आहे. निवड करणाऱ्यांना वाटते, पाहा, आम्ही तेव्हा बरोबर मुलगा निवडला होता!

इकडे मार्कच्या मनातही काही घडत असते. दरवर्षी यादी लागते आणि तिच्यात त्याचे नाव नसते. त्याला वाटू लागते की हा खेळ आपल्यासाठी नाही. अशी पुष्कळ मुले बारा-चौदा वर्षांच्या वयात खेळणे सोडून देतात. म्हणून वरच्या संघांत डिसेंबरात जन्मलेले खेळाडू थोडे दिसतात. त्यातले बरेच जण कोणी बाहेर काढलेले नसतात. ते आपणहून निघून गेलेले असतात.

या ठिकाणी एखादा माणूस शंका काढील. तो म्हणेल, जानेवारीत जन्मलेली मुले मुळातच बळकट असतील. थंडीत जन्मल्यामुळे असेल, किंवा ग्रहताऱ्यांमुळे असेल. ही शंका फक्त वादाने मिटत नाही. तिच्यासाठी पुरावा लागतो. असा पुरावा युरोपातील बेल्जियम या छोट्या देशातून मिळाला, आणि तोही फुटबॉलच्या मैदानावरून.

बेल्जियममध्ये मुलांच्या फुटबॉलचे वयोगट पूर्वी १ ऑगस्टपासून मोजत असत. त्यामुळे तेथे ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर या महिन्यांत जन्मलेली मुले आपापल्या गटात सर्वांत मोठी असत. निवडलेल्या संघांत त्यांचीच गर्दी असे. जानेवारीला तेथे विशेष मान नव्हता. १९९७ साली नियम बदलला. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे बेल्जियमनेही १ जानेवारी ही तारीख धरली. देश तोच, हवा तीच, प्रशिक्षक तेच. फक्त तारीख बदलली. वर्नर हेल्सन या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. नियम बदलल्यावर मुलांच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची संख्या वाढली आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्यांची घटली. ऑगस्टमधील मुलांचे पाय काही रातोरात अशक्त झाले नव्हते. काल ती गटात सर्वांत मोठी होती. आज ती मध्यावरून मागच्या बाजूला गेली, एवढेच.

इंग्लंडमध्ये शाळेचे वर्ष १ सप्टेंबरपासून धरतात आणि मुलांच्या फुटबॉलचे गटही त्याप्रमाणे पडतात. तेथे मोठ्या क्लबांच्या प्रशिक्षण केंद्रांत सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जन्मलेली मुले अधिक सापडतात. म्हणजे ऑक्टोबरात जन्मलेला मुलगा इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये आघाडीवर असतो. तोच मुलगा कॅनडाच्या हॉकीत पिछाडीवर पडेल. महिना नशीब घेऊन येत नाही. तो वयमोजणीच्या तारखेपासून किती दूर आहे, यावर सारे ठरते.

आपल्याकडील शालेय क्रीडा स्पर्धा तुम्हांला माहीत आहेत. त्यांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. हे गट एका वर्षाचे नाहीत. चौदा वर्षांखालच्या गटातून बाहेर पडलेला मुलगा सतरा वर्षांखालच्या गटात सर्वांत लहान असतो. त्याच्यासमोर त्याच्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठी मुले उभी असतात. चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारास मुलगे एकदम उंच होतात. काही मुले एका वर्षात आठ-नऊ सेंटिमीटरने वाढतात. म्हणून या गटातील फरक फार मोठा दिसतो. मात्र एक दिलासाही आहे. हाच मुलगा दोन वर्षांनी त्या गटात मोठ्यांपैकी एक होतो. त्याची पाळी येते. कॅनडातील मार्कचे तसे नाही. एका वर्षाच्या गटात डिसेंबरातला मुलगा दरवर्षी सर्वांत लहानच राहतो.

आता तुमच्यापैकी काही जण आपल्या शाळेच्या संघाच्या जन्मतारखा काढतील. जरूर काढा. पण एक सावधगिरी ठेवा. वीस खेळाडूंचा संघ असेल, तर प्रत्येक तिमाहीत सरासरी पाच खेळाडू यायला हवेत. पहिल्या तिमाहीत आठ आले, तर लगेच निष्कर्ष काढू नका. निवडीत वयाचा काहीही संबंध नसला, तरी दर दहा संघांमागे साधारण एका संघात असे आठ किंवा अधिक खेळाडू नुसत्या योगायोगाने येतात. तेच दोनशे खेळाडू घेतले आणि पन्नासाऐवजी ऐंशी जण पहिल्या तिमाहीतले निघाले, तर मात्र तो योगायोग म्हणता येत नाही. पॉलाबाईंना एका पुस्तिकेवरून शंका आली. बार्न्सली यांनी अनेक संघ तपासले, तेव्हा ती गोष्ट सिद्ध झाली. शिवाय वर्षाची सुरुवात कोणत्या तारखेपासून धरली आहे, हे आधी विचारून घ्या. नाहीतर तिमाहीच चुकीची पडेल.

हा परिणाम प्रत्येक खेळात सारखा नसतो. जेथे उंची आणि वजन कामाला येते आणि जेथे जागा थोड्या व उमेदवार पुष्कळ असतात, तेथे तो जोरदार दिसतो. जिम्नॅस्टिक्समध्ये लहान आणि हलके शरीर उपयोगी पडते. तेथे तो फारसा जाणवत नाही. जेथे येईल त्याला खेळायला मिळते, त्या मैदानावरही तो दिसत नाही, कारण तेथे कोणाला गाळायचेच नसते.

मग यावर उपाय काय? पहिला उपाय कोणालाही सुचेल. निवड करणाऱ्यांच्या हातात जन्मतारखांची यादी द्यावी, म्हणजे ते वयाचा विचार करतील. नेदरलँड्समध्ये फुटबॉलच्या निवडकर्त्यांवर हा प्रयोग करून पाहिला गेला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. निवडकर्त्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला वयाची काहीच माहिती दिली नाही. दुसऱ्या गटाला जन्मतारखांचा कागद दिला. तिसऱ्या गटाला सांगितले की मुलांच्या सदऱ्यांवरचे क्रमांक वयाच्या क्रमाने दिले आहेत. पहिल्या गटाने मोठ्या वयाच्या मुलांना झुकते माप दिले, यात नवल नाही. नवल दुसऱ्या गटाचे आहे. हातात कागद असूनही त्यांनी तेच केले. चेंडू धावत असताना डोळे मैदानावर असतात. त्या वेळी कागद पाहून मनात महिन्यांचा हिशोब करणे जमत नाही. तिसऱ्या गटात मात्र हा पक्षपात राहिला नाही. मुलगा पळताना दिसला की त्याचा क्रमांकही दिसतो, आणि हा लहान आहे की मोठा हे त्याच क्षणी कळते. मला हा उपाय फार आवडला. त्याला ना पैसा लागतो, ना नवा नियम. फक्त सदरे वाटताना मुलांना वयाप्रमाणे रांगेत उभे करायचे.

शेवटी मार्कसारख्या मुलांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे. उत्तर अमेरिकेत नॅशनल हॉकी लीग ही आइस हॉकीची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा आहे. तिचे क्लब दरवर्षी पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडून घेतात. १९८० ते २००७ या काळात असे निवडलेले कॅनडातील खेळाडू अभ्यासकांनी तपासले. त्यांत ३६ टक्के खेळाडू जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले होते. पण पुढे या सगळ्या खेळाडूंनी मिळून जेवढे सामने खेळले, त्यांतले २८ टक्केच या गटाच्या वाट्याला आले. उलट जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले फक्त ३४ टक्के होते आणि त्यांनी ४२ टक्के सामने खेळले. म्हणजे क्लबांनी वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांवर जास्त विश्वास टाकला आणि तो पुरता खरा ठरला नाही. अठरा वर्षांच्या वयातही निवड करणाऱ्यांच्या डोळ्यांवर त्या जुन्या आघाडीची छाया होती.

यावरून डिसेंबरात जन्मणे फायद्याचे आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. जे येथपर्यंत पोहोचले, ते मोठ्या मुलांशी झुंजत, युक्त्या शिकत, नाकारले जाऊनही टिकून राहिलेले मोजके खेळाडू होते. त्यांच्याबरोबर नऊ वर्षांच्या वयात बर्फावर उतरलेली बाकीची मुले या हिशोबात कोठेच नाहीत. त्यांची नावे कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापली गेली नाहीत.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पॉला बार्न्सली यांनी माहितीपुस्तिकेत कोणती गोष्ट पाहिली?
(आ) बेल्जियममध्ये १९९७ पूर्वी मुलांच्या फुटबॉलचे वयोगट कोणत्या तारखेपासून मोजत?

२. कारणे लिहा.
(अ) तीन वर्षांनंतर डेव्हिड मार्कपेक्षा खरोखर चांगला खेळाडू ठरतो.
(आ) जन्मतारखांचा कागद देऊनही निवडकर्त्यांचा पक्षपात गेला नाही.

३. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत वापरा : झुकते माप देणे, पाळी येणे, निष्कर्ष काढणे.

४. वयोगट १ सप्टेंबरपासून मोजले, तर पुढील मुलांना मोठ्यापासून लहानापर्यंत क्रमाने लावा : ऑगस्ट, डिसेंबर, सप्टेंबर आणि मार्च या महिन्यांत जन्मलेली, एकाच गटातील चार मुले.

५. आपल्या शाळेतील सर्व संघांच्या खेळाडूंच्या जन्मतारखा गोळा करा. वयमोजणीची तारीख क्रीडाशिक्षकांना विचारा आणि चार तिमाहींचा तक्ता तयार करा.